एम-३ राहिला होता, हे एसओपीत कसं लिहायचं

सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट सेकंड इयरला येणारी मुलं-मुली पुष्कळ. त्यांच्या मार्कलिस्टवर एक विषय बऱ्याचदा अडकलेला दिसतो, तो म्हणजे एम-३, इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर. पहिल्या वर्षाचे एम-१ आणि एम-२ त्यांच्या वाट्याला आलेलेच नसतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर वर्ग सुरू होऊन काही आठवडे गेलेले असतात. आणि समोर एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्म. पुढे हीच मंडळी मास्टर्ससाठी अर्ज करायला बसली की एसओपीतल्या, म्हणजे अर्जासोबत जाणाऱ्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमधल्या, त्या एका परिच्छेदापाशी थांबतात. राहिलेला विषय लपवावा, रडावं की सरळ सांगावं?

सरळ सांगावं, आणि कसं ते एका उदाहरणावरून बघू. एक मुलगी धरू. तासगावची, डिप्लोमा करून सांगलीत इलेक्ट्रिकलला आलेली. तिसऱ्या सेमिस्टरला एम-३ नापास, पुढच्या परीक्षेत पास. शेवटचा सीजीपीए ७.४. तिला कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचं आहे, म्हणजे नेमक्या त्याच गणिताच्या जोरावर चालणाऱ्या विषयात. त्यामुळे तिला गप्प बसून चालणार नाही.

आधी कागद काढा

लिहायला बसण्याआधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट आणि ट्रान्सक्रिप्ट एकत्र समोर ठेवा. परक्या माणसाला त्यात काय दिसतं ते बघायचं, तुम्हाला काय आठवतं ते नाही. काही ट्रान्सक्रिप्टवर नापासाची ग्रेड तशीच राहते. काहींवर फक्त शेवटची ग्रेड येते, पण परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तिसऱ्या सेमिस्टरच्या सहा विषयांपैकी पाचांसमोर नोव्हेंबर आणि एकासमोर पुढच्या वर्षाचा मे असेल, तर रोज ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्या माणसाच्या ते पटकन लक्षात येतं. ‘त्यात दिसत नाही, मग कशाला सांगा’ या भरवशावर राहू नका.

काही विद्यापीठं कॉलेजकडून बॅकलॉग सर्टिफिकेट मागतात. ते आधीच काढून ठेवा आणि त्यावर आकडा कसा मोजलाय ते नीट वाचा. एकच विषय दोनदा राहिला असेल तर कॉलेज एक विषय लिहितं की दोन प्रयत्न, यावर फॉर्ममधला आकडा ठरतो. सर्टिफिकेटवर जे आहे तेच फॉर्ममध्ये आणि तेच एसओपीत गेलं पाहिजे. तीन कागदांवर तीन आकडे आले तर नापास झाल्यापेक्षा ते जास्त महागात पडतं, कारण तिथे शंका गणितावर राहत नाही, तुमच्यावर येते.

सांगायची गरज आहे का, ते ठरवा

प्रत्येक कमी ग्रेडचा खुलासा करायचा नसतो. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगला ५ पॉइंट मिळाले आणि तुम्ही डेटा सायन्सला जाताय, तर त्यावर एक शब्दही खर्च करू नका. वाचणाऱ्याने ज्याकडे बघितलंही नसतं तिकडे आपणच बोट दाखवायचं, असं होतं ते. नापास झालेला विषय, अख्खं सेमिस्टर घसरलेलं, मधे गेलेलं वर्ष, किंवा ज्या क्षेत्रात जायचंय त्याच्या मुळाशी असलेल्या विषयातली कमी ग्रेड, एवढ्यांबद्दल लिहावं. आपल्या उदाहरणातला एम-३ यातल्या दोन कारणांनी बसतो.

काही ठिकाणी मात्र शब्दांचा उपयोगच नसतो. जर्मनीतली बरीच विद्यापीठं आपला सीजीपीए त्यांच्या मोजमापात एका सूत्राने बदलून घेतात. कमाल १० आणि पास व्हायला किमान ४ धरले तर ७.४ चं असं होतं:

1 + 3 × (10 − 7.4) / (10 − 4) = 2.3

तिथे लहान आकडा चांगला. कोर्सची अट २.५ ची असेल तर ही मुलगी आत आहे. अट २.० ची असेल तर एसओपी कितीही सुंदर असो, अर्ज त्याच्या आधीच बाजूला पडण्याची शक्यता मोठी. म्हणून आधी अट बघा, फी नंतर भरा. आणि विषय अजून निघालाच नसेल, म्हणजे लाइव्ह बॅक असेल, तर खुलाशापेक्षा पुढची परीक्षा कधी आणि निकाल केव्हा अपेक्षित हे कळवणं कामाचं. डेड बॅकची, म्हणजे निघालेल्या विषयाची, गोष्ट सांगता येते, लाइव्हची अजून घडायची असते.

कारण शोधा, पण त्याला एक प्रश्न विचारा

सगळं इथे ठरतं, म्हणून जरा थांबून वाचा.

आपल्या मुलीला विचारलं, एम-३ का राहिला? उत्तर तयारच असतं. डिप्लोमातलं गणित वेगळं, एम-१ नव्हतं, एम-२ नव्हतं, प्रवेश उशिरा झाला, पोर्शन पळवला, पेपर कडक तपासले. यातल्या पहिल्या चार गोष्टी खऱ्याही असतील. तरी हे कारण पुरत नाही. आता तिने स्वतःला विचारायचं: माझ्याबरोबर डिप्लोमावरून आलेले, त्याच फेरीत प्रवेश झालेले, त्याच बाकांवर बसलेले काही जण पास झालेच ना? ते का झाले आणि मी का नाही?

परिस्थिती सगळ्यांना सारखी होती आणि निकाल वेगवेगळा लागला, तर उरलेला फरक तुमच्या एखाद्या निर्णयात असतो. तो निर्णय शोधून काढायचा. आपल्या उदाहरणात तो असा निघतो: पहिल्या युनिट टेस्टला २० पैकी ४ मिळाले, तेव्हाच इंटिग्रेशन कच्चं आहे हे तिला दिसलं होतं. पण मशीन्स आणि सर्किट्स जमत होते, तिथे मार्क सहज मिळत होते. म्हणून तिने वेळ तिकडे दिला आणि गणित शेवटच्या महिन्यावर ढकललं. झालं ते एवढंच. ती आळशी नव्हती, मंदही नव्हती, तिने वेळेची वाटणी चुकवली होती. आणि चुकलेली वाटणी दुरुस्त करता येते, हे वाचणाऱ्यालाही कळतं.

एसओपीतला आत्मविश्वास इथून येतो. नेमका निर्णय सांगता आला की आवाज आपोआप सरळ होतो. तो न सापडता लिहायला बसलं की एक तर गयावया होते, नाही तर उसनी ऐट येते.

काही वेळा परिस्थितीच खरोखर सगळ्यावर भारी पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, तेव्हा कुणाच्या घरातल्या वह्या-पुस्तकांसकट सगळं गेलं. असं झालं असेल तर जरूर लिहा: महिना, वर्ष, पुराने घर राहण्याजोगं उरलं नाही, किती काळ दुसरीकडे राहावं लागलं. एका वाक्यात, विशेषणांशिवाय. बाहेरच्या वाचकाला कृष्णा माहीत नसते, पण तारीख आणि पुराची बातमी त्याला सापडते. घरातलं आजारपण किंवा मृत्यू असेल तरी हाच नियम. पण ते कारण ज्या काळाला लागू आहे तेवढ्याच काळातल्या ग्रेड त्याने झाकल्या पाहिजेत. एका सेमिस्टरचं कारण तीन सेमिस्टरला पुरवू नका. आणि महापूर सगळ्यांच्या कामाला येत नाही. कृष्णेचा पूर विट्याला पोचत नाही, आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तुमचं गाव ठाऊक असतं.

पुरावा त्याच मार्कलिस्टमध्ये शोधा

‘मी सुधारले’ हे वाक्य फुकट असतं, ते कुणीही लिहितं. त्याऐवजी राहिलेला विषय पुढे कुठे लागला ते शोधायचं. एम-३ मधलं लाप्लास पाचव्या सेमिस्टरला कंट्रोल सिस्टीम्समध्ये परत येतं. तिथलं ट्रान्सफर फंक्शन म्हणजे लाप्लासच. त्या मुलीला कंट्रोल सिस्टीम्समध्ये ९ पॉइंट आहेत. हा एक आकडा सगळं सांगून जातो: जिथे पाय घसरला होता, त्याच पायरीवरून ती पुढे चढली आहे.

बॅकलॉग परीक्षेतली ग्रेडही बघा. ७ किंवा जास्त असेल तर आकड्यासकट लिहा. जेमतेम ४ असेल तर विषय निघाला एवढंच लिहा आणि भर पुढच्या विषयावर द्या. पुढचा विषयही फिका असेल तर? मग शब्दांत भरपाई होणार नाही, अर्जाआधी काहीतरी करावं लागेल. त्याच विषयाचा एनपीटीईएलचा कोर्स घेऊन त्याची परीक्षा द्या. ती केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते, म्हणून तिला थोडं वजन आहे. घरबसल्या व्हिडिओ बघून मिळालेली सर्टिफिकेटं मी या कामासाठी धरत नाही.

आता लिहा, आणि आधी मराठीत

एसओपी जाणार इंग्रजीत. तरी हा परिच्छेद आधी मराठीत लिहा असं मी आग्रहाने सांगतो. इंग्रजीत थेट लिहायला गेलं की सीनियरच्या एसओपीतली तयार वाक्यं हाताला येतात. मराठीत आपण खोटं बोलतोय का, ते आपल्याच कानाला लगेच कळतं.

पहिला खर्डा साधारण असा येतो:

“दुर्दैवाने तिसऱ्या सेमिस्टरमध्ये माझा फक्त एक विषय राहिला. मी डिप्लोमाची विद्यार्थिनी असल्याने मला एम-१ आणि एम-२ शिकवलेच गेले नव्हते. त्यातच प्रवेश उशिरा झाला व पेपर तपासणीही अतिशय कडक होती. परंतु या अपयशाने मला मेहनत आणि चिकाटीचे महत्त्व शिकवले व मी अधिक खंबीर झाले.”

यात ती स्वतः पहिल्यांदा काही करते ती थेट शेवटच्या वाक्यात, आणि तिथेही खंबीर होण्यापलीकडे काही नाही. ‘दुर्दैवाने’ नशिबावर ढकलतं, ‘फक्त’ आकडा लहान करायला बघतं. पेपर तपासणीचा उल्लेख तर काढूनच टाकायचा. कडक वाटली होती तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, रिव्हॅल्युएशन टाकायचं, तो रस्ता तेव्हा उघडा होता. आणि चिकाटीचं महत्त्व हजारो एसओपींमध्ये असतं.

आता दुसरा खर्डा:

“डिप्लोमानंतर मी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. तिसऱ्या सेमिस्टरला मी गणित-३ मध्ये नापास झाले. पहिल्या चाचणीतच माझं इंटिग्रेशन कच्चं असल्याचं दिसलं होतं, पण मी वेळ इतर विषयांना दिला आणि गणित शेवटच्या महिन्यावर टाकलं. सुट्टीत पहिल्या वर्षाच्या गणितातले लागणारे भाग मी आधी पूर्ण केले आणि पुढच्या परीक्षेत ७ पॉइंट घेऊन विषय काढला. त्याच गणितावर उभ्या असलेल्या कंट्रोल सिस्टीम्समध्ये मला ९ पॉइंट मिळाले. शेवटच्या वर्षी बेदाणा ड्रायरच्या तापमान-नियंत्रणाचं मॉडेल मी याच पद्धतीने मांडलं.”

डिप्लोमा यातही आहे. पण तो पहिल्या वाक्यात, माहिती म्हणून आलाय. ‘असल्याने’ लावून त्याला जबाबदार धरलेलं नाही. वाचणारा दोन गोष्टी स्वतः जोडून घेतो, आणि त्याने स्वतः जोडलेलं त्याला जास्त पटतं. माफी कुठेच नाही. परिच्छेद ड्रायरवर संपतो, म्हणजे पुढचा परिच्छेद प्रोजेक्टचा असेल तर सांधा आपोआप जुळतो.

लांबी एवढीच ठेवा. आठशे शब्दांच्या एसओपीत ऐंशी शब्द खूप झाले. जागा मधली: सुरुवातीला तुम्हाला काय करायचंय ते येऊ द्या, मग हा परिच्छेद, मग प्रोजेक्ट. अगदी शेवटी टाकला तर वाचणाऱ्याच्या मनात तोच घोळत राहतो. फॉर्ममध्ये ‘इतर माहिती’ म्हणून वेगळा रकाना असेल तर तिथे टाका आणि एसओपी मोकळं ठेवा. दोन्हीकडे लिहू नका.

इंग्रजी करताना ‘नापास झाले’ हे नापास झाले म्हणूनच जाऊ द्या. तिथे गोलगोल शब्द शोधायला लागलात की पुन्हा पहिल्या खर्ड्याकडे निघालात असं समजा.

तोंडी विचारलं तर

काही विद्यापीठं ऑनलाइन मुलाखत घेतात, आणि कॅम्पसला कंपन्यांचं पॅनेल तर हा प्रश्न सोडतच नाही. त्यासाठी एकदा डिपार्टमेंटमधल्या मॅडमसमोर बसून बघा. साधारण असं व्हावं:

“थर्ड सेमला काय झालं गं?”

“मॅडम, एम-३ राहिला होता. डिप्लोमावरून आले होते, इंटिग्रेशन कच्चं होतं. ते चाचणीतच कळलं होतं, पण मी गणित मागे टाकलं. पुढच्या परीक्षेत काढला, सात पॉइंट.”

इथे थांबायचं. शांतता पसरते, आणि ती भरून काढायला मुलं पुढे बोलत सुटतात: तेव्हा घरी पण जरा प्रॉब्लेम होता, सर पण नवीन होते. कमावलेलं तिथेच जातं. मॅडमना पुढचा प्रश्न विचारू द्या. तो बहुतेक हा असेल:

“मग आता लाप्लास येतं का?”

या प्रश्नाची तयारी न करता गेलात तर वरचं सगळं लिहिणं वाया. ज्या विषयात नापास झालात, त्यातली एक गोष्ट कागद-पेनाशिवाय समजावता आली पाहिजे, आणि ती आपल्याच कामातली असावी. आपल्या मुलीने असं सांगावं: “ड्रायरचा हीटर एका ठरावीक पॉवरवर चालू केला. तापमान ३० वरून चढत चढत ६० वर स्थिरावलं. याचं समीकरण पहिल्या ऑर्डरचं आहे, लाप्लास घेतलं की ट्रान्सफर फंक्शन K/(Ts + 1) येतं. एकूण वाढ ३० अंश, तिच्या ६३ टक्के म्हणजे साधारण १९. म्हणून तापमान ४९ ला पोचायला जितकी मिनिटं लागली, तो ड्रायरचा टाइम कॉन्स्टंट T. तो ग्राफवरून वाचला आणि त्यावरून कंट्रोलर लावला.”

एवढं ऐकल्यावर पॅनेल एम-३ कडे परत जाण्याची शक्यता कमीच, ते ड्रायरबद्दल विचारायला लागतील. उत्तर पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं उत्तर ‘६३ च का?’ या साध्या प्रश्नावर कोसळतं. (एका टाइम कॉन्स्टंटनंतर उरलेला फरक e⁻¹ म्हणजे सुमारे ३७ टक्के राहतो, म्हणून.)

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना आधी सांगा

शिफारसपत्र मागायला जाताना एसओपीचा हा परिच्छेद प्रिंट काढून न्या. पत्रात काय लिहायचं हे सरांचं सर ठरवतील, पण तुम्ही काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक हवं. कंट्रोल सिस्टीम्स शिकवणाऱ्या सरांनी लिहिलेलं एक वाक्य, की ही मुलगी लाप्लासचा वापर वर्गात चांगला करायची, तुमच्या ऐंशी शब्दांच्या पाठीशी उभं राहतं. तुमच्या नापासाची कैफियत मात्र त्यांना मांडायला लावू नका. “सर, जरा बॅकलॉगचं सांभाळून लिहा ना” असं म्हणणारे असतात, आणि त्यांचं पत्र मग दोन ओळींचं, कोरडं निघतं. ते पत्र सरांकडून थेट विद्यापीठाच्या लिंकवर जातं, तुम्हाला ते दिसतही नाही. त्यामुळे एम-३ शिकवणाऱ्या सरांकडे जायचं की कंट्रोलच्या, हे आधी ठरवा. एम-३ च्या सरांनीच पुढे प्रोजेक्टमध्येही तुमचं काम बघितलं असेल तर बिनधास्त त्यांच्याकडे जा, नाही तर कंट्रोलच्याच सरांना विचारा, आणि डेडलाइनच्या निदान तीन-चार आठवडे आधी.